बंद केलेल्या फोनची पोच

ही गोष्ट मी आजवर टाळली. घरात कधी विषय निघालाच, तर ‘कंपनीची चूक होती’ एवढंच बोलून उठायचो. आता वय झालं. जे झालं ते सरळ लिहून ठेवतो.

मी राहनाळच्या एका गोदामात कारकून होतो. माल उतरवून घेणाऱ्याची सही आणि शिक्का असलेल्या कागदाला आमच्याकडे पोच म्हणतात. पोच आणली नाही तर मी ड्रायव्हरला भाडं देत नसे. तो कितीही शपथा घेवो, ‘सेठ, माल दे दिया, अल्ला कसम,’ मी म्हणायचो, ‘कसम नको, कागद आण.’

मोबाइल नवे होते तेव्हा मी दर महिन्याला बिल येणारं, पोस्टपेड कनेक्शन घेतलं. टेमघरला भाड्याच्या खोलीत राहत होतो, पत्त्याचा पुरावा नव्हता. बायकोचा मोठा भाऊ वळ गावचा, त्याचं स्वतःचं घर, शेत. त्याने रेशन कार्ड आणि लाइट बिलाची झेरॉक्स दिली. फॉर्मवर सही केली आणि म्हणाला, ‘दाजी, तुमीच वापरा. मना फोन कराला येतंय कुठं?’ फोन माझ्या खिशात, नाव त्याचं.

पुढे प्रीपेड स्वस्त झालं. जुनं कनेक्शन बंद करायला मी कस्टमर केअरला फोन लावला. धारकाचं नाव आणि जन्मतारीख विचारली, तेव्हा मी मेहुण्याची सांगितली. म्हणजे मी मेहुणा बनूनच बोललो. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘सर, आपकी रिक्वेस्ट ले ली गई है. इसी नंबर पर एसएमएस आ जाएगा.’ मी थँक्यू म्हटलं आणि त्याच दुपारी सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. ज्या नंबरवर एसएमएस येणार, तोच नंबर मी बंद करून बसलो. तिच्याकडे रिक्वेस्ट नंबरही मागितला नाही. आयुष्यभर लोकांकडून पोच मागणारा मी.

बिलं वळच्या पत्त्यावर येत राहिली. मेहुणा ती न उघडता पत्र्याच्या पेटीवर ठेवायचा. त्याला वाटायचं, दाजींनी बंद केलंय, ही जाहिरातीची पत्रं असतील.

मग एका सकाळी त्याचा निरोप आला: लगेच या. सायकल मारत गेलो. अंगणात थकलेल्या फोनबिलाच्या वसुलीची दोन माणसं उभी होती. कुंपणापाशी शेजारी जमलेले. त्यात मेहुण्याच्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांचा चुलतभाऊही होता. महिन्याभरात साखरपुडा होता.

मेहुणा मला बघून सुटल्यासारखा झाला. ‘यो फोन त तुमी बंद केलेला ना, दाजी? सांगा यांना.’

त्यांतल्या एकाने माझ्याकडे वळून विचारलं, ‘तो फोन आपका है?’

मी घाबरलो. सगळे बघत होते. गोदामाच्या मालकालाही कळेल, असं वाटलं. मी म्हणालो, ‘कागदावर ज्याचं नाव आहे, त्यालाच विचारा.’

मेहुणा खाली बघत राहिला. जाताना ती माणसं म्हणाली, ‘अगले हफ्ते फिर आएँगे.’ शेजारचा एकजण हसत मेहुण्याला म्हणाला, ‘तात्या, तुमी त भारी छुपे निंगाले! फोनवाले शेट!’

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या मागे जाऊन मी पुन्हा कस्टमर केअरला फोन लावला. पुन्हा मेहुणा बनूनच. या वेळी मुलगा होता. त्याने सांगितलं, ‘सर, पक्का करने के लिए आपको कॉल किया था. फोन बंद था, इसलिए रिक्वेस्ट रद्द हो गई.’ म्हणजे त्यांच्या हिशेबी कनेक्शन अजून चालूच होतं. मी म्हणालो, आता तरी बंद करा आणि तसं लेखी द्या.

‘लेटर का ऑप्शन नहीं है, सर.’

‘ईमेल?’

‘नहीं होगा, सर.’

‘सुपरवाइजर को दो.’

बराच वेळ संगीत वाजत राहिलं. सुपरवायझरनेही तेच सांगितलं. या वेळी मात्र मी रिक्वेस्ट नंबर मागून घेतला, दोघांची नावं विचारली, तारीख आणि वेळ लिहिली. ‘लेखी देत नाही असं आपण म्हणालात, हेही लिहून घेतोय,’ असं म्हणालो. पलीकडून फोन कट झाला.

तिथून बंद करण्याचा अर्ज माझ्याच सहीने लिहून कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंना म्हणालो, माझ्या अर्जाच्या प्रतीवर नुसता शिक्का मारा. त्या म्हणाल्या, ‘काका, धारक तुम्ही नाही. तुमची सही मला चालणार नाही.’ मी गयावया केली. त्यांनी काउंटरवरचं एक बिल उलटं करून मागचा छापील पत्ता दाखवला. ‘हे तक्रारी बघणारे नोडल ऑफिसर. फोनवर नाही म्हणाले ना? मग धारकाच्या सहीने इथे रजिस्टर एडीने पाठवा. दोन्ही फोन कधी केले, कोण काय म्हणालं, रिक्वेस्ट नंबर, सगळं लिहा. बंद केल्याचं आणि थकबाकी नसल्याचं पत्र मागा. प्रत आणि पोस्टाची पावती सांभाळून ठेवा. तिथेही दाद लागली नाही, तर कंपनीतच वर अपील असतं.’

म्हणजे सही मेहुण्याची हवी होती. ज्याला मी अंगणात एकटं पाडलं, त्याच्याकडेच जाणं भाग होतं.

वळला जाताना रस्ताभर तो हाकलून देईल, असं वाटत होतं. हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्याने चष्मा शोधला, कागद गुडघ्यावर ठेवला आणि विचारलं, ‘कुठं करू?’ सही करताना त्याचा हात थांबला. ‘साखरपुड्याच्या आदी निपटंल ना, दाजी?’

मी ‘हो’ म्हणालो. मला काहीच ठाऊक नव्हतं.

पत्र पाठवलं. पोच म्हणून येणाऱ्या गुलाबी कार्डाची रोज वाट बघायचो. दारात कोणी खाकरलं तरी दचकायचो. वसुलीवाले पुन्हा आले, तेव्हा मेहुण्याने त्यांना रजिस्टरची पावती आणि अर्जाची प्रत दाखवली. ते कुरकुरत गेले. मी तेव्हा तिथे नव्हतो. ड्युटी आहे, असं सांगितलं होतं. ड्युटी नव्हती.

साखरपुड्याला दोन-चार दिवस उरले असताना कंपनीचं पत्र वळला आलं. कनेक्शन बंद केलं आहे, पहिल्या विनंतीनंतरची बिलं रद्द केली आहेत, काहीही येणं नाही. खाली सही, शिक्का. मेहुण्याने ते होणाऱ्या व्याह्यांना दाखवलं आणि साखरपुडा झाला.

पण गावाने लक्षात ठेवायचं ते ठेवलं. जेवणाच्या पंगतीत तोच चुलतभाऊ मोठ्याने म्हणाला, ‘पाव्हणं, जावयाला मोबाइल देशाल त बिल भरून द्या हां!’ सगळे हसले. मेहुणाही हसला. तो फोन माझा होता, हे तेव्हा त्या मांडवात तिघांनाच नक्की माहीत होतं: मेहुणा, माझी बायको आणि मी. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भात कालवत राहिलो.

नंतर अनेकदा वळला गेलो. प्रत्येक वेळी ठरवून जायचो. तो चहा मागवायचा, भाताचं, पावसाचं, नव्या गोदामांनी गिळलेल्या शेतांचं बोलायचा. त्याने तो विषय एकदाही काढला नाही. त्याच्या शेवटच्या आजारपणात मी खाटेशी बसलो होतो. तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने विचारलं, ‘तुमचे गुडघं कसं हायेत?’

‘बरे आहेत,’ मी म्हणालो.

मला म्हणायचं होतं: दादा, त्या दिवशी अंगणात मी सगळ्यांसमोर तुमच्यावर ढकललं. फोन माझा होता, चूक माझी होती. मला माफ करा.