सेतूरावांनी दार उघडलं नाही

चप्पल नेहमी भिंतीला समांतर ठेवायचे. मेसेजमध्येसुद्धा पूर्णविराम द्यायचे. सभासदांची वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी थैलीत. कॉफी निवेपर्यंत हजेरी संपलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

सेतूराव एकोणीस वर्षं कुंभकोणमच्या आमच्या मराठी वाचन मंडळाचे चिटणीस होते. मी सर्वांत लहान सभासद.

जुनं ॲप चाळीस मिनिटांत सभा तोडायचं, म्हणून त्यांनी सर्वांना पत्र धाडलं: ‘वार्षिक सभा व चिटणिसांची निवडणूक नव्या ॲपवर. १. ॲप फोनवर घ्या. २. ग्रुपवरची लिंक दाबा. ३. आपलं नाव लिहा. ४. आत येण्याची परवानगी मागा. ५. मी आत घेईन. माईक बंद ठेवा.’

तिसरी पायरी चुकली होती. ज्या फोनवर खातं आधीच उघडलेलं असतं, तिथे ते ॲप नाव विचारतच नाही. खात्याचंच नाव दाखवतं. आणि आमच्या म्हाताऱ्यांचे फोन नातवंडांच्या खात्यावर चालतात.

रविवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसले होते. पडद्यावर आलं: ‘सूर्या आत येऊ इच्छितो.’

“मामा, ह्या आडुतुरैच्या गोमतीबाई असतील. सूर्या त्यांचा नातू.”

“यादीत सूर्या नाही.” त्यांनी नकार दाबला.

मग पवित्रा. मग बाला. नऊ नावं, नऊ नकार.

“निदान फोन करून विचारते.”

“सभेत दुसरा फोन नको. निवडणूक आहे.”

पडद्यावर चेन्नईचा सतीशकुमार हसला. तोच त्यांच्याविरुद्ध उभा होता. “असू द्या, सेतूराव. नियम म्हणजे नियम.”

मतं पडली. सात विरुद्ध पाच. सतीशकुमार जिंकला. बाहेर राहिलेले नऊही सेतूरावांच्या बाजूचे होते.

लगेच ग्रुपवर आग लागली. “आम्हाला पायरीवर उभं केलं.” “स्वतःला पंतप्रधान समजतो.” “म्हातारा झाला, बुद्धी गेली.” गोमतीबाईंनी आवाज पाठवला. “सेतू, चाळीस वर्षं माझ्या हातची कॉफी प्यालास. माझं तोंड पाहायचं नव्हतं, तर आधी सांगायचंस.”

त्यांनी तो आवाज दोनदा ऐकला. “मी काय चुकलो, दिव्यश्री?”

मी त्यांना पत्रातली तिसरी पायरी दाखवली.

दुसऱ्या दिवशी सेतूराव त्या नऊ जणांच्या घरी माफी मागायला निघाले. मीही गेले. पहिल्या घरी पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या घरी सून म्हणाली, “मामंजी झोपलेत.” आतून खोकला ऐकू आला. तिसऱ्या घरी, साक्कोट्टैला, शामसुंदररावांनी जाळीच्या दारातूनच विचारलं, “नाव काय? यादीत बघतो.”

सेतूराव हात जोडून उभे राहिले. मग वळले.

बसस्टँडवर गोमतीबाईंच्या आडुतुरैची बस लागली होती. मी आत जाऊन दोन जागा धरल्या. ते खालीच थांबले. बस निघाली, तेव्हा मीच उतरले.

सहा घरं राहिली.