नफा वाढला त्या वर्षीचे टिपण

वडगावच्या भातगिरणी कंपनीचा मी मुख्य हिशेबनीस होतो. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी मार्चअखेर नफा बारा हजारांवर गेला आणि बँकेतली शिल्लक मात्र तीन हजारांनी उतरली. आदल्या वर्षी इंजिनासाठी लाभांश राखून ठेवला होता, त्यामुळे यंदा भागधारक वाट पाहत होते. लाभांश वाटला असता तर गिरणीच्या पगाराला पैसे उरले नसते. हे संचालकांना पटवून देणारे टिपण मला लिहायचे होते.

अशी टिपणे मी आधी पत्नीला वाचून दाखवत असे. ती तांदूळ निवडता निवडता ऐके आणि मध्येच विचारी, "म्हणजे काय?" मग मी ते वाक्य सोपे करी. माघात ती गेली. या वेळी मी टिपण रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचले. सगळी वाक्ये बिनतक्रार पुढे गेली.

सभेत वाचताना जुन्या सवयीने प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतो. अध्यक्ष लोणावळ्याचे वकील. ते म्हणाले, "अहो, घसा बसलाय का? पाणी घ्या."

मी पुढचे वाक्य वाचले आणि पुन्हा थांबलो. आंदर मावळातले एक आबा संचालक होते, तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "मंजी काय? नफा हाय म्हंता, मग पैका गेला कुटं? उंदरांनी खाल्ला?"

सगळे हसले.

मग कागद बाजूला ठेवून मी सांगितले, "आबा, नफा बारा हजार. त्यात घसाऱ्याचे हजार मिळवा, कारण ते खर्चात धरले तरी कुणाला द्यावे लागले नाहीत. झाले तेरा. गेल्या वर्षीपेक्षा सहा हजारांचे भात जास्त कोठारात पडून आहे. ते विकले जाईपर्यंत त्याची किंमत खर्चात येत नाही, पण पैसे दिलेत. लष्करी ठेकेदाराला तांदूळ दिला, तो विक्रीत धरला, पण पैसे अजून यायचेत. त्यामुळे येणे पाच हजारांनी वाढले. इंजिनाला पाच रोख गेले. एकूण सोळा."

"तेरातनं सोळा," आबा म्हणाले. "तीन कमी. व्हय, जमतंय. पन गावाला मी कबूल करून बसलोय, त्याचं काय?"

वकिलांनी ठराव सांगितला: ठेकेदाराचे पैसे जमा होईपर्यंत लाभांश नाही. आबांनी हात वर केला, पण माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्ये आता तुमीच येऊन सांगा आमच्याकडं. मला न्हाई शिव्या खायच्या. येत्या रविवारी. लय चालावं लागंल बरं का, घरी इचारून या."

त्यांना कुणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नाही. "येतो," म्हणालो.

शनिवारी दुपारीच निघालो.