नारळाशिवाय घेतलेली शपथ

मावशीचे यजमान, आमचे काका, जन्माने गोव्याचे, म्हणून पोर्तुगीज प्रजा. रत्नागिरीत बरीच वर्षं काढल्यावर त्यांना आफ्रिकेत नोकरी मिळाली आणि पासपोर्टसाठी त्यांनी ब्रिटिश प्रजाजन व्हायचं ठरवलं. प्रजाजनत्वाचा दाखला मंजूर झाला, पण शपथेशिवाय तो लागू होत नव्हता.

खिशात स्वातंत्र्यलढ्याची पत्रकं घेऊन फिरणारा मी भडकलो. "इंग्रज राजाशी इमान राखीन म्हणणार तुम्ही?"

"नारळ हातात नसेल तर शपथ लागत नाही रे," काका म्हणाले. त्यांच्या गावी देवासमोर नारळ धरूनच शपथ घेत. त्यांना धास्ती वेगळीच होती. गोव्याच्या दप्तरातून नाव कमी झालं तर गावच्या पालखीला खांदा द्यायचा मान जाणार होता.

मॅजिस्ट्रेटसमोर त्यांनी रिकाम्या हातांनी शपथ घेतली. पासपोर्ट आला. मग आम्ही गोव्यात गेलो. तिकडच्या कचेरीत प्रजाजनत्व बदलल्याची नोंद करणं भाग होतं आणि त्यासाठी गावच्या सरकारी मुखियाची ओळखचिठ्ठी हवी होती. मुखिया काकांचा बालमित्र. त्याने पासपोर्ट उलटसुलट पाहिला.

"शपथेला नारळ होता?"

"नव्हता."

"मग तू गेलास कुठे? उद्या पालखी आहे, वेळेवर ये."

"पण कायद्याने ते आता परके आहेत," मी म्हणालो.

"कायदा लिस्बनचा. पालखी आमची."

चिठ्ठी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पालखीखाली घामाघूम झालेल्या काकांनी पासपोर्ट माझ्या हाती दिला. "सांभाळ, भिजेल." राजाचं चिन्ह असलेली ती वस्तू पत्रकांच्या खिशात ठेवून मी मागून चालत राहिलो.