‘रात्रपाळी’ची पाटी

वर्तमानपत्राची स्थानिक आवृत्ती बंद पडली तेव्हा मावशीने पन्नाशी ओलांडली होती. तिथे ती वर्षानुवर्षं निधनवार्ता लिहीत आली होती. त्या वयात दुसरी नोकरी कोण देणार, म्हणून ती घरी बसली आणि म्हाताऱ्या वडिलांच्या औषधांच्या वेळा सांभाळू लागली. तेवढ्यात एके काळी तिच्याच खोलीत बसणाऱ्या एका सहकाऱ्याने तिला पॉडकास्टसाठी लिहायला बोलावलं. त्याचा आवाज इतका खोल होता की सगळे त्याला खर्जच म्हणत. तिथली बाकीची मंडळी तिच्याहून पुष्कळ लहान, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तिची मावशी झाली.

कार्यक्रमाचं नाव ‘रात्रपाळी’. रात्री काम करणारा एक पाहुणा, त्याच्याशी तासभर गप्पा. छापखान्याच्या मागच्या खोलीत भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकून स्टुडिओ केला होता. पाहुण्याची ओळख करून देणारा सुरुवातीचा मजकूर मावशी लिहायची. त्याला सगळे ‘पाटी’ म्हणत.

पाटीची सुरुवात ठरलेली. आधी शटर ओढल्याचा आवाज, मग खर्ज म्हणायचा, “सगळे झोपलेत. एक जण जागा आहे.” मग क्षणभर शांतता, मग ओळख, आणि पाहुण्याचं नाव अगदी शेवटी. मधला भाग मात्र मावशीचा. कधी ती पाहुण्याच्या कामातली एकच हालचाल सांगायची, कधी सरळ प्रश्नाने सुरू करायची, कधी पाहुण्याचंच एखादं वाक्य आधी ऐकवायची. पदव्या आणि पुरस्कार ती पाटीत येऊच देत नसे. दर आठवड्याला तेच ऐकतोय असं ऐकणाऱ्याला वाटायला नको, आणि दुसऱ्याच घरात शिरलोय असंही वाटायला नको, ही तिची कसरत. तिला ती जमली होती.

त्या आठवड्यात रुग्णवाहिकेचा चालक आला. चाळिशीचा, अंगाने काटक. माईक जुळवेपर्यंत त्याने दोनदा जांभई दिली आणि दोन्ही वेळा माफी मागितली. बोलला मात्र झकास. गाडीत जन्मलेल्या बाळाची गोष्ट सांगताना तो स्वतःच हसत सुटला. मग सहज म्हणाला, काल बदलीवाला आला नाही, तेव्हा तीच गाडी पुढे चालवली. ठेकेदाराकडे माणसंच कमी, हे नेहमीचंच. खर्जने त्यावर पुढे काही विचारलं नाही.

मावशीने मात्र ते वाक्य बरोबर उचललं. पाटीत तिने लिहिलं, “कालपासून त्याच्या डोळ्याला डोळा नाही. तरी स्टिअरिंगवरचा हात हलत नाही.” खर्ज खूश झाला. म्हणाला, अशी पाटी वर्षात एखादीच होते. लगेच रेकॉर्डही करून टाकली.

भाग प्रसिद्ध व्हायला दोन दिवस होते, तेव्हा बातमी आली. रुग्णवाहिका पुलाच्या कठड्यावर आदळली. चालक जागीच गेला, आत एक वृद्ध रुग्ण होत्या, त्याही गेल्या. चालकाला डुलकी लागली, चूक सर्वस्वी त्याची, असं ठेकेदाराने सांगून टाकलं.

छापखान्यामागच्या त्या खोलीत सगळे जमले. साउंड बघणारी मुलगी पाटीची फाइल पुसून टाकायला निघाली होती, मावशीने तिला थांबवलं. भाग रद्द करू, असं खर्जचं म्हणणं. नाहीतर सुरुवातीला श्रद्धांजलीचं एक वाक्य घालू आणि पुढची पाटी तशीच ठेवू. “‘सगळे झोपलेत’ ही ओळ काढता येणार नाही,” तो म्हणाला. “लोक आपल्याला तिच्यावरून ओळखतात.”

मावशी चालकाच्या घरी गेली. गॅरेजच्या वर एकच खोली, दाराशी चपलांचा ढीग. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. भाग लावायचा की नाही ते तुम्हीच सांगा, असं मावशी म्हणाली. बायकोने विचारलं, त्याच्याबद्दल काय लिहिलंय? मावशीला टाळता आलं असतं. तिने पाटी वाचून दाखवली.

बायकोने दाराशी पडलेल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, “घरी आला की एक बूट काढायचा आणि दुसरा पायात तसाच ठेवून झोपून जायचा. तुम्हाला ते कौतुकाचं वाटलं?”

मावशीने कागदाची घडी घातली.

“लावा तुम्ही,” बायको म्हणाली. “पण तो दमला होता, एवढं तरी सांगा. निष्काळजी होता म्हणतायत सगळे.”

मावशी परत आली आणि लिहायला बसली. पहिले दोन्ही मसुदे निधनवार्ता झाले. हात त्याच वळणावर जायचा, दुःखद, अकाली, मनमिळाऊ. ते कुठल्याही कार्यक्रमात खपलं असतं. तिने जुन्या पाट्या लावून ऐकल्या, शब्दांकडे मुद्दाम लक्ष न देता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की कानाला आधी ओळखू येतं ते शटर, मग दोन छोटी वाक्यं, मग शांतता. तो साचा ठेवायचा, बाकी सगळं बदलता येईल. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती जास्त बोचरी होती. इतके दिवस ती माणसांच्या जागरणाला शोभा आणत आली होती.

संध्याकाळी तिने खर्जपुढे कागद ठेवला. “सगळे जागे होते. एकाला झोप लागली.” खाली लिहिलं होतं की त्याला पाळीमागून पाळी लावणारे जागे होते, बदलीवाला आला नाही हे ठाऊक असलेले जागे होते, आणि समोर बसून त्याची जांभई ऐकणारे आम्हीही जागे होतो. शेवटी नाव.

खर्जने दोनदा वाचलं. “आम्हीही,” तो हळूच म्हणाला, “हे ठेवायचंच?”

“मग ठेकेदाराचंही काढावं लागेल.”

तो माईकसमोर बसला. पहिल्यांदा त्याने आवाज जड केला, शोकसभेतल्यासारखा. मावशीने थांबवलं. नेहमी म्हणतोस तसंच म्हण, नाहीतर ही आपली पाटी राहणार नाही. दुसऱ्यांदा त्याने तसंच म्हटलं, आणि साउंड बघणाऱ्या मुलीने हेडफोन काढून ठेवले.

भाग खूप ऐकला गेला. चालकांनी आपापल्या पाळ्या लिहून पाठवल्या. ठेकेदाराने त्यावर काय केलं, तर गाडीची किल्ली देताना प्रत्येक चालकाकडून ‘माझी पुरेशी झोप झाली आहे’ अशी सही घ्यायला सुरुवात केली. पाळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. चालकाच्या बायकोने भाग ऐकला नाही. तसा निरोप मात्र आठवणीने पाठवला.

नंतर एक फोन आला. गाडीत गेलेल्या त्या वृद्ध बाईंची मुलगी बोलत होती. आवाज चढलेला नव्हता.

“तुम्ही त्याच्याबद्दल चांगलं लिहिलंत. खरंही असेल,” ती म्हणाली. “माझी आई त्याच गाडीत होती. तिच्याबद्दल एक शब्दही नाही.”

मावशी म्हणाली, चूक झाली, आम्ही पाटी पुन्हा करू. आईंविषयी सांगा, त्या काय करायच्या, नाव काय. तिने पेन हातात घेतलंसुद्धा.

“नको,” मुलगी म्हणाली. “तिला तुमच्याकडे यायचं नव्हतं. तिला दवाखान्यात जायचं होतं.”

फोन ठेवल्यावर मावशीने पेनाला टोपण लावलं. पलीकडे छापखान्याची यंत्रं सुरू झाली, तेव्हा साउंड बघणाऱ्या मुलीने येऊन दार लावून घेतलं. पुढच्या पाहुण्या, रात्री रस्ते झाडणाऱ्या एक बाई, येऊन बाहेर थांबल्या होत्या. मावशी उठली, त्यांना आत बसवलं, आणि माईक सुरू करण्याआधी विचारलं, झोप झाली का तुमची? बाईंना वाटलं मावशी थट्टा करतेय. त्या हसल्या आणि नाही म्हणाल्या.