शेजारी शेजारी दोन खड्डे

भाषावर्गाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढल्यावर डाव्या हाताला, ध्वनिमुद्रणाची खोली आहे. भिंतींना भोकाभोकांचे तक्ते, एक मायक्रोफोन, एक संगणक आणि अशी एक खुर्ची, की जी करकरते म्हणून मुद्रण चालू असताना तिच्यावर कुणी बसायचं नाही. या खोलीत सव्वीस वर्षं एकाच माणसाने नोकरी केली. त्याचं नाव हजेरीपटावर आहे, पण सगळे त्याला कात्रीभाऊ म्हणतात. पूर्वी तो टेपच्या फिती कात्रीने कापून चिकटवायचा. मग संगणक आला, कात्री गेली, नाव राहिलं.

कात्रीभाऊंना चिनी येत नाही, असं ते स्वतः सांगत. पहिला धडा त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता, पण ऐकणं वेगळं आणि येणं वेगळं, असं त्यांचं मत होतं. बायको जाऊन अकरा महिने झाले होते. लोक चौकशी करायचे, "कसं चाललंय?" "चाललंय." ते खोटं नव्हतं. सकाळी उठायचं, कुकर लावायचा, कामावर यायचं. मुलगी दूरच्या शहरातून फोन करायची.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

मग ते ताटाकडे बघून सांगायचे. बघितल्याशिवाय सांगता येत नसे. रडू येत नव्हतं, झोप येत होती, वजनही कमी झालं नव्हतं. डॉक्टरांना दाखवावं असं त्यात काहीच नव्हतं.

त्यांच्या कामाची एक शिस्त होती: शब्द तेवढा ठेवायचा, बाकी कापायचं. चिनी शिकवणाऱ्या बाई मायक्रोफोनसमोर बसल्या की शब्द म्हणायच्या, खोकायच्या, "थांबा हो, पुन्हा घेते" म्हणायच्या, कुणाची तरी नक्कल करायच्या. कात्रीभाऊ यातलं शब्द सोडून सगळं टाकून द्यायचे. आठ वर्षांपूर्वी फितींवरचं सगळं संगणकात भरलं, तेव्हा जागा कमी पडली. त्यांनी साहेबांकडे लेखी प्रस्ताव पाठवला: वाक्यांच्या फिती काढून टाकाव्यात. वाक्य म्हणजे शब्दच. शब्द जपले की वाक्य कधीही जोडता येईल. साहेबांनी 'योग्य' असा शेरा मारून सही केली. फिती भंगारात गेल्या.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज गेला. बसला नाही, गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचं नवशिक्यांसाठीचं नवीन पुस्तक छापून आलं. पुस्तकासोबत ध्वनिफीत द्यायचीच होती.

साहेब म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घेऊ. बाजारात तयारही मिळतात."

बाई पाटी घेऊन हिंडत. लहान मुलांची असते तशी, पुसता येणारी. त्यांनी पाटीवर लिहिलं: 'पुस्तक माझं. आवाज माझा. नाहीतर पुस्तक कपाटात ठेवा.'

"ताई म्हणतेय, की जमलं तर बघा," त्यांच्या धाकट्या बहिणीने वाचून दाखवलं. धाकटी बाईंबरोबर सगळीकडे यायची आणि पाटीवरचं वाचताना त्यातली धार काढून टाकायची. बाई तिच्याकडे बघायच्या. ती म्हणायची, "बघतेस काय, बरोबर तर वाचलं."

साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. शुक्रवारी बाईंच्या आवाजात पहिला धडा तयार नसेल, तर तयार आवाज विकत घेणार.

कात्रीभाऊंनी सोमवारीच काम संपवलं. शब्द होते, ओळीने लावले. 'नी' आणि 'हाओ', झालं 'नी हाओ', म्हणजे नमस्कार. 'वो' म्हणजे मी, 'ये' म्हणजे पण, 'हन' म्हणजे फार, 'हाओ' म्हणजे बरं. 'वो ये हन हाओ', मी पण बरी आहे. पहिल्या धड्याचं शेवटचं वाक्य तेच होतं. मंगळवारी त्यांनी ते बाईंना ऐकवलं.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हे कोण बोलतंय?'

"तुम्हीच," कात्रीभाऊ म्हणाले.

"ताई म्हणतेय, छान आहे, थोडं बघावं लागेल," धाकटी म्हणाली.

बाईंनी तिच्या हातातून पाटी ओढून घेतली आणि चार रेघा काढल्या. वर्गातही पहिल्या दिवशी त्या याच रेघा काढत. पहिली रेघ वर, सरळ आडवी. दुसरी खालून वर चढणारी, "हो?" असं विचारताना चढते तशी. तिसरी खड्ड्यासारखी, आधी खाली आणि मग थोडी वर. चौथी वरून धाडकन खाली, "बस!" म्हणावं तशी. चिनीत प्रत्येक अक्षराला यातला एक सूर असतो. 'नी' तिसऱ्या सुरात, 'हाओ'ही तिसऱ्याच. मग त्यांनी दोन खड्डे शेजारी शेजारी काढले आणि त्यांवर फुली मारली. खाली लिहिलं: 'असं कुणी बोलत नाही.'

त्यांनी पहिला खड्डा पुसला आणि तिथे चढती रेघ काढली. दोन तिसरे सूर लागोपाठ आले, की पहिला दुसऱ्यासारखा होतो. लिहिताना खूण तिसऱ्याचीच राहते, बदलतो तो फक्त तोंडात. का, तर तिसरा सूर आवाजाला तळाशी नेतो. तळाशी जाऊन वर यायचं आणि लगेच पुन्हा तळाशी जायचं, हे बोलण्याच्या वेगात होत नाही. झालं तरी दोन सारखे खड्डे एकमेकांत मिसळतात. म्हणून पहिला चढतो आणि दुसऱ्याला खोल जायला जागा मिळते. निदान बाई वर्गात असं सांगत. अभ्यासकांची याहून लांब कारणं आहेत, पण ती परीक्षेला नाहीत.

"मग एकटा खड्डा कधी पूर्ण म्हणायचा?" कात्रीभाऊंनी विचारलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

बाईंनी लिहिलं: 'एकटा असेल, किंवा शेवटी. पुढे दुसरा कुठला सूर असेल तर अर्धाच. खाली जायचं आणि तिथेच राहायचं. वर यायचं नाही.' उदाहरण दिलं: 'हन मांग', फार कामात आहे. 'मांग' चढता, म्हणून 'हन' नुसता खाली.

"खाली जाऊन तिथेच राहायचं," कात्रीभाऊ म्हणाले. "ते जमेल." ते म्हणाले ते शेपटी कापण्याबद्दल. तिसऱ्या सुराचा शेवटचा चढ कापला की अर्धा तयार.

बुधवारी त्यांनी पुस्तकातली सरावाची वाक्यं समोर ठेवली. बाईंच्या शब्दसंग्रहात प्रत्येक अक्षर, ते जितक्या सुरांत भाषेत आहे, तितक्या सुरांत मुद्रित होतं. म्हणजे तिसऱ्या 'नी'च्या जागी दुसऱ्या सुरातला 'नी' आणायचा. तो होता, त्याचा अर्थ चिखल. 'नी हाओ' झालं. 'खअ यी', म्हणजे चालेल: दुसऱ्या सुरातला 'खअ' होता. 'शी त्साओ', म्हणजे अंघोळ करणे: 'शी' होता. 'श्वेइ क्वो', म्हणजे फळं: चढता 'श्वेइ' म्हणजे कोण, तोही होता. 'हन हाओ'साठी चढता 'हन' मिळाला. अर्थ भलतेच होते, पण खोलीत अर्थाला कुणी विचारत नव्हतं.

शेवटचं वाक्य राहिलं. 'वो ये हन हाओ', सलग चार खड्डे. बाईंनी त्याची दोन घरं केली होती: 'वो ये' एक, 'हन हाओ' एक. प्रत्येक घरात पहिलं अक्षर चढतं, दुसरं खड्ड्याचं. मधल्या 'ये'च्या पुढे चढता 'हन', म्हणून 'ये' अर्धाच. म्हणजे चढता 'वो' हवा.

कात्रीभाऊंनी यादी उघडली. 'वो' पहिल्या सुरात होता, तिसऱ्या, चौथ्या सुरात होता. दुसऱ्याच्या पुढे जागा रिकामी. बाईंना विचारलं, तर पाटीवर आलं: 'तसा शब्दच नाही भाषेत. शेजारी तिसरा सूर आला की तेवढ्यापुरता होतो.'

"म्हणजे वाक्यातच मिळेल."

बाईंनी मान डोलावली.

"आणि वाक्यं मी टाकून दिली."

बाईंनी पाटी पुसली. धाकटीला वाचायला काही मिळालं नाही, तरी ती म्हणाली, "ताई म्हणतेय, काही हरकत नाही."

"तसं काही म्हणाल्या नाहीत त्या," कात्रीभाऊ म्हणाले.

बाई हसल्या. हसण्यालाही आवाज नव्हता, फक्त खांदे हलले.

त्या दिवशी उशीर होईल असं कात्रीभाऊंनी घरी कळवलं नाही, कारण कळवायला घरी कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते चढत्या सुरातले सगळे शब्द एकेक करून ऐकत बसले. खुर्चीवर. करकरली तरी चालणार होतं, मुद्रण चालू नव्हतं. साडेसहाच्या सुमारास 'क्वो' हा शब्द आला, अर्थ देश. चढता. त्यांनी तो पडद्यावर ताणून बघितला. सुरुवातीला एक बारीक ठिणगी, तो 'क'. त्यानंतर जे उरतं ते 'वो'. त्यांनी ठिणगी कापली. तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, मग यंत्रावर लावलं. 'वो'. चढत गेलेला, बाईंच्या आवाजातला, भाषेत नसलेला.

त्याला त्यांनी 'ये' जोडला, शेपूट कापून. मग 'हन हाओ'. श्वासाची जागा 'ये'नंतर ठेवली.

गुरुवारी बाई आल्या, कानांवर हेडफोन लावून बसल्या. कात्रीभाऊ पडद्याकडे बघत होते. आपल्याला काळजी वाटायला हवी, असं त्यांना वाटलं. वाटायला हवी, एवढंच वाटलं.

बाईंनी बोटाने खूण केली: परत. पुन्हा खूण: परत. असं चार वेळा. धाकटी म्हणाली, "अगं, बरं आहे ना?" बाईंनी तिला हाताने गप्प केलं. मग पाटी घेतली.

'ये थोडा लांब. बाकी मी.'

धाकटीने ते जसंच्या तसं वाचलं.

कात्रीभाऊंनी 'ये' थोडा आखूड केला. शुक्रवारी साहेबांनी धडा ऐकला आणि म्हणाले, "बाई बऱ्या झाल्या वाटतं? आवाज अगदी होता तसा!"

"नाही झाल्या."

"मग हे कसं?"

"देशाचा पुढचा भाग कापला."

साहेबांनी यावर थोडा विचार केला, विषय धोकादायक वाटला असावा, आणि सही करून टाकली.

नवीन वर्गात अकरा जण आले. बाई समोर उभ्या राहिल्या, कात्रीभाऊ मागे यंत्रापाशी. बाईंचा आवाज भिंतीवरच्या पेटीतून म्हणाला, मी पण बरी आहे. समोर उभ्या असलेल्या बाईंचे ओठ मिटलेले होते. अकरा जण त्यामागोमाग म्हणाले. सहा जणांनी पहिल्याच अक्षराला आवाज तळाशी नेला आणि तिथेच अडकले. एका विद्यार्थिनीचा 'वो' मात्र वर गेला, आपोआप, ती बाकांच्या रांगेत आपण काय केलं ते कळत नसल्यासारखी बघत राहिली. बाईंनी तिच्याकडे बघून मान डोलावली, मग कात्रीभाऊंकडे बघून हात वर केला.

कात्रीभाऊंनी पुन्हा लावलं.