सरलाबाईंच्या नावावरची लाल स्कूटर

नवागामात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या हिलालला आयुष्यात कधी इतके आकडे पाठ करावे लागले नव्हते. सातवीच्या परीक्षेलाही नाही, आणि त्या वेळी तो नापास झाला होता.

कडोदऱ्याच्या ज्या कारखान्यात तो कापडाचा लूम चालवायचा, तिथल्या शेठने कामगारांची बस बंद केली. पुढच्या सोमवारपासून सकाळी सातच्या पाळीला ज्यानं त्यानं पोचायचं. पाच मिनिटं उशीर झाला की लूम दुसऱ्याच्या हाती. म्हणून हिलाल आठवडाभर पाळी सुटल्यावर बॅटरीवरच्या स्कूटरच्या दुकानांत फिरत होता आणि दर दुकानातून आधीपेक्षा जास्त गोंधळून बाहेर पडत होता.

शेवटी दोनच गाड्या उरल्या. पांढरी म्हणे एका चार्जिंगला दीडशे किलोमीटर जाते. लाल पंच्याण्णव. डिंडोलीच्या दुकानातला योगेंद्र मूळचा पारोळ्याचा, पण गिऱ्हाईक बघून भाषा बदलायचा.

"हिलालभाऊ, दीडशे हा चाचणीतला आकडा. मागं कुणी बसत नाही, ट्रॅफिक नाही, खड्डे नाहीत. रस्त्यावर शंभर धरा."

"मग लाल?"

"साठ-पासष्ट."

"म्हणजे दोघी खोटं बोलतात."

"खोटं नाही ओ. लग्नाच्या बायोडाटासारखं समजा."

हे हिलालला पटलं, पण गोंधळ काही कमी झाला नाही. पांढरीची बॅटरी गाडीतच बसवलेली, तिला खाली गाडीशेजारी मोठा पंधरा अँपिअरचा प्लग हवा. लालची बॅटरी काढून घरी नेता येते, साध्या प्लगवर चालते. रस्त्यावरच्या चार्जिंगचं विचारलं तर योगेंद्र म्हणाला, एका कंपनीची पिन दुसरीला बसेलच असं नाही. पांढरीचं सर्व्हिस सेंटर तापीपलीकडं अडाजणला, लालचं इथंच मागच्या गल्लीत.

"दीडशे ते दीडशे," म्हणत हिलालनं पांढरीच ठरवली. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायची, असंही त्यानं मनात पक्कं केलं. घरमालकाला कळेपर्यंत बॅटरी भरलेली असेल.

योगेंद्रनं सबसिडीसाठी आधार नंबर टाकला. पाच हजार थेट किमतीतून कमी होणार होते, फक्त मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून डोळे मिचकावायचे होते. हिलालनं केस सारखे केले. योगेंद्र मात्र स्क्रीनकडं बघत राहिला.

"भाऊ, तुमच्या आधारवर तर आधीच एक स्कूटर निघालीय. एका आधारवर एकदाच मिळते सबसिडी."

"मी तर सायकलसुद्धा विकून बसलोय!"

मग दिवाळी आठवली. अमळनेरला धाकट्या भावानं, दत्तूनं, अशीच बॅटरीवरची स्कूटर घेतली, तेव्हा वडिलांच्या माघारी घरची प्रत्येक गाडी मोठ्या भावाच्या नावावर, ही रीत पाळायला हिलालला दुकानात बसवलं होतं. त्यानं छाती फुगवून कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावले होते. नारळही त्यानंच फोडला होता. गाडी दत्तूची, म्हणून डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

"बायकोच्या नावावर घ्या," योगेंद्र म्हणाला. "पण त्यांना इथं यावं लागेल."

सरलाबाई रिक्षानं आल्या. साडीला टिकल्या लावायचं काम अर्धवट टाकून आल्यानं चेहरा त्रासलेला होता. हिलालनं दीडशे, शंभर, अँपिअर, पिन सगळं एका दमात ऐकवलं. त्यांनी विचारलं, "कडोदरा जाई-यी किती व्हस?"

"जाऊन-येऊन तीस किलोमीटर."

"मंग दीडशे काय कराना? कोठे जानं शे तुम्हले, पंढरीले?"

योगेंद्र हसू दाबत बिलबुक चाळू लागला.

"आनि वायर सोडनार? खालना घरमालक वायर कापी, मंग सोमवारले लूमवर पायी जाज्या?"

"पण लालची बॅटरी दहा-बारा किलोची. रोज तीन मजले..."

"गव्हानी गोणी चढावतस ना? तिच्याहून हलकी शे."

मागच्या गल्लीतलं सर्व्हिस सेंटर त्या स्वतः बघून आल्या, तिथल्या दोन गिऱ्हाइकांना गाडी किती दिवस पडून राहते तेही विचारून आल्या. "दुसऱ्या दिवशी मिळते," असं दोघंही म्हणाले होते. मग कॅमेऱ्यासमोर बसून त्यांनी डोळे मिचकावले. सबसिडी लागली. चाकाखाली लिंबू आणि हाती नारळ आले, तेव्हा हिलालनं सवयीनं हात पुढं केला.

"गाडी कोना नाववर शे?" सरलाबाईंनी विचारलं. नारळ त्यांनीच फोडला.

सोमवारी हिलाल सातला दहा मिनिटं कमी असताना लूमसमोर उभा होता. संध्याकाळी घरी परतला, तेव्हा गाडीवर निम्म्याहून थोडी जास्त बॅटरी शिल्लक दिसत होती. त्यानं ती काढली आणि जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर थांबून धापा टाकताना दत्तूचा फोन आला.

"दादा, कुठली घेतली?"

"लाल. मी फक्त ड्रायव्हर आहे," हिलाल म्हणाला, आणि बॅटरी खांद्यावर घेऊन वर निघाला.