कूस बदलताना

माझं पहिलं मूल जन्मलं आणि रडलं नाही. भडगावला, माझ्या माहेरी. सुईणीने सांगितलं, नाळ मानेला गुंडाळलेली होती. त्यावर खोलीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि कोणीतरी मला विचारलं, "झोपेत कूस बदलली असशील ना?"

आमच्याकडे नियम असा की पोटुशीने पडल्या पडल्या कूस बदलायची नाही. आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या अंगावर निजायचं. नाही तर नाळेचे वेढे बसतात. मी तो नियम काटेकोर पाळला होता. शाळेत असताना मी गणिताला चोख होते आणि कुठलंही काम अर्धवट केलेलं मला सहन होत नाही. जागेपणी मी एकदाही पडल्या पडल्या वळले नव्हते. पण झोपेतलं कोण सांगणार? 

म्हणून दुसऱ्या वेळेस मी झोपायचंच टाळलं.

तेव्हा आम्ही धुळ्याला राहत होतो. यजमान कापसातली सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्यात स्टोअरकीपर होते. महाराष्ट्र अजून व्हायचा होता, राज्य मुंबईचंच होतं. सातवा महिना सरला तशा यजमानांच्या थोरल्या बहीण आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना आम्ही अक्का म्हणत असू. त्यांना वैधव्य येऊन बरीच वर्षं झाली होती, बोलणं अहिराणी आणि तोंड सैल. पण माझ्यावर माया होती. मी माहेरी जायचं नाही म्हटल्यावर त्या आपणहून गाठोडं घेऊन आल्या होत्या.

मी डाव्या अंगावर पडायची, पाठीशी भिंत यावी अशी, म्हणजे डुलकी लागली तरी मागे वळता येणार नाही. डोळा लागला की दचकून जागी व्हायची. आमची बाज जुनी, मधोमध झोळीसारखी खाली गेलेली. त्या खड्ड्यात कंबर अडकायची आणि सकाळी उठताना पाठीच्या खालच्या भागात अशी कळ यायची की मी खुंटीला धरून उभी राहायची. शिवाय पोटरीत गोळे. पाय ताणला की पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची. अक्का धावत येऊन माझ्या पायाची बोटं तळपायाकडे दाबायच्या आणि पोटरी पिळायच्या. त्याने गोळा आणखी आवळायचा.

"अक्का, सोडा हो."

"सोडसू कसं? गोया मोडाले नको?"

मी रडायची, त्या पिळायच्या. यजमान दाराशी उभे राहून विचारायचे, "मी काही करू का?" अक्का म्हणायच्या, "तू करी बठेल शे, भाऊ. आते गुपचूप ऱ्हाय."

पण कूस बदलायची वेळ आली की त्या गंभीर व्हायच्या. "उठीसन बस, मंग फिर. पोटमा पोर शे." आणि मी उठून बसायची. पडल्या जागेवरून सरळ उठायचं म्हणजे सगळा भार पोटावर आणि कंबरेवर. आठव्या महिन्यात तेही होईना. मग मी कूस बदलणंच बंद केलं. एकाच अंगावर पडून डावा खांदा आणि डावा कुल्हा बधिर व्हायचे. डोळ्यांखाली काळं आलं. भाकरी थापताना एकदा मी बसल्या जागी पेंगले आणि तव्याला हात लागला. यजमानांनी तो हात पाहिला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मला सूतिकागृहात नेलं. अक्काही आल्या. आत पुरुषांना सोडत नसत, आणि एकट्या बाईमाणसाला तिथे काय सांगतील याची त्यांना काळजी होती.

तिथल्या नर्सबाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी पोट तपासलं, पाय दाबून पाहिले, सूज आहे का पाहिली. मग विचारलं, "झोप किती होते?"

मी सांगितलं, आणि का होत नाही तेही सांगितलं. पहिल्या मुलाचंही. ते मी यजमानांनाही इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं.

नर्सबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगं आत पाण्यात असतं आणि दिवसभर कोलांट्या मारतं. त्याला कोण सांगतं, आधी उठून बस म्हणून? नाळेचा वेढा बसला तर त्याच्या फिरण्याने बसतो. तुम्ही या अंगावर झोपलात काय, त्या अंगावर वळलात काय, त्याने बसत नाही. पुष्कळ मुलं वेढा घेऊन येतात आणि चांगली रडतात."

अक्का म्हणाल्या, "आमनाकडे असं नही म्हनतस."

"नसतील म्हणत, अक्का. पण ही बाई झोपली नाही तर बाळंतपणाला हिच्यात जोर कुठून येणार?"

मग त्यांनी मला टेबलावर निजवून वळायला शिकवलं. दोन्ही गुडघे वाकवून एकत्र ठेवायचे, खांदे आणि कंबर एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखी फिरवायची, मधे पीळ पडू द्यायचा नाही. उठायचं झालं तर आधी कुशीवर यायचं, पाय काठावरून खाली सोडायचे आणि हातांनी रेटा देऊन बसायचं. उताणं उठायचं नाही. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपायचंही नाही. "पाठीवर पडलात की जीव घाबरा होतो ना? पोटाचं ओझं आतल्या मोठ्या शिरेवर येतं. डावी कूस चांगली, पण डावी दुखली तर उजवी घ्या. झोपेत पाठीवर गेलात तर घाबरायचं नाही, जाग आली की कुशीवर व्हायचं."

गोळ्याचा उपाय त्यांनी अक्कांना हाताने करून दाखवला. गुडघा सरळ ठेवायचा आणि पाऊल वर, नडगीकडे ओढून धरायचं. बोटं खाली दाबायची नाहीत. गोळा सुटला की थोडं चालायचं, गरम पाण्याच्या फडक्याने हलके शेकायचं. निजण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणायची. "दूध प्या, पाणी प्या. त्याने गोळे जातीलच असं मी सांगत नाही, पण अंगाला ते हवंच. आणि एकच पोटरी सुजली, तांबडी झाली, दुखणं राहीना, तर चोळू नका, इकडे या. कंबर थांबून थांबून दुखायला लागली आणि पोट कडक व्हायला लागलं, किंवा पाणी, रक्त दिसलं, तरी लगेच या."

त्या संध्याकाळी यजमानांनी बाजेच्या दोऱ्या आवळल्या. तरीही मधे झोळ राहिला, तेव्हा त्यांनी जिनिंगमधून मोडक्या खोक्याच्या फळ्या मागून आणल्या आणि गादीखाली घातल्या. जमिनीवर निजणं कंबरेला चाललं असतं, पण तिथून उठणं मला जमत नव्हतं.

उशीचं काम राहिलं. नर्सबाईंनी सांगितलं होतं, गुडघ्यांच्या मधे एक, पोटाखाली एक पातळ आणि पाठीशी एक. थंडीचे दिवस, गल्लीत पिंजारी चाचा रजया पिंजायला बसत. त्यांना अक्कांनी लांब लोड भरायला सांगितला. कशाला ते सांगायला त्या लाजल्या. म्हणून चाचांनी बैठकीचा समजून तो ठासून भरला. मी गुडघ्यांत घेतला तर वरचा पाय इतका उंच गेला की कुल्हा दुखायला लागला. मी सुतळीने मापं घेतली. कुशीवर पडल्यावर वरचा गुडघा कुल्ह्याच्या पातळीत राहायला हवा, तेवढीच उशीची जाडी. लोडाची जाडी त्याच्या जवळजवळ दुप्पट भरली. ती सुतळी घेऊन मीच चाचांकडे गेले.

चाचांनी सुतळी पाहिली, माझ्या पोटाकडे पाहिलं नाही आणि म्हणाले, "पहले बोलना था ना, बेटी." निम्मा कापूस काढला. त्याच कापसाची पोटाखालची पातळ उशी झाली. वरून पैसे घेतले नाहीत.

एवढं सगळं झालं, आणि तरी मी वळले नाही. फळ्यांनी कंबर हलकी झाली, गोळा आला की अक्का पाऊल वर ओढायच्या आणि तो लवकर सुटायचा. नर्सबाईंचं म्हणणं मला पटलंही होतं. पहिल्या वेळी मी नियम पाळूनही वेढा बसलाच होता, हा हिशेब मीच शंभर वेळा केला होता. पण वळायच्या क्षणी अंग थिजायचं. मी हात टेकून उठून बसायची. अक्का टोकायच्याही नाहीत, वळ असंही म्हणायच्या नाहीत.

एका दुपारी मी डाव्या कुशीवर पडले होते. अक्का शेजारी तूर निवडत होत्या. पोटात एकदम मोठी हालचाल झाली. मी "आई गं" म्हटलं तशी अक्कांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्या पोटावर हात ठेवला. त्यांच्या तळव्याखालून ते टणक काहीतरी, डोकं असेल किंवा ढुंगण, एका बाजूने निघालं आणि सावकाश दुसऱ्या बाजूला गेलं. मग पुन्हा परत आलं.

अक्कांनी हात तसाच ठेवला. त्यांना स्वतःला मूल झालेलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं, पण पोटातलं मूल असं फिरताना त्यांच्या हाताला कधी लागलंच नसेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"हाऊ ते आपले न इचारता फिरस," त्या म्हणाल्या.

"दिवसभर चाललंय असंच."

"उठीसन बसत नही."

"नाही बसत."

त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून खूप हसल्या. मग त्यांनी माझ्या गुडघ्यांमधली उशी धरली आणि म्हणाल्या, "फिर माय. तू बी फिर."

मी गुडघे एकत्र आणले. खांदा आणि कंबर एकदम फिरवली. अक्कांची सुपातली तूर दिसेनाशी झाली, मधे क्षणभर छत दिसलं आणि मग समोर भिंत आली. अक्कांनी उशी गुडघ्यांत बसवली, दुसरी पोटाखाली सारली. मी श्वास धरून वाट पाहिली. पोटात एक लाथ बसली, नेहमीसारखी. त्यानंतरचं मला आठवत नाही, कारण मी झोपले. जाग आली तेव्हा दिवे लागले होते आणि यजमान चुलीवर खिचडी करपवत होते.

पुढचे दिवस मी झोपले. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर, मोजलं नाही. पाठ थोडी दुखत राहिली, गोळे अधूनमधून येत राहिले, पण ते सोसण्यासारखे होते.

बाळंतपण सूतिकागृहातच झालं. मुलगी झाली आणि ती लगेच रडली, चांगली मोठ्याने. नर्सबाई हात पुसत म्हणाल्या, "वेढा होता एक. बोटाने काढला डोक्यावरून."

त्या ते सहज बोलल्या. अक्का माझ्या उशाशी उभ्या होत्या. मी डोळे मिटून घेतले. आता त्या म्हणणार, तू फिरलीस ना, म्हणून.

अक्कांनी विचारलं, "मंग पहिलानं बी असंच व्हतं का?"

"तेव्हा मी नव्हते, अक्का. कशाने गेलं ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण ही झोपेत वळली म्हणून नाही गेलं."

अक्कांनी मुलीला फडक्यात गुंडाळून माझ्या शेजारी ठेवलं आणि माझ्या पायांवर पांघरूण ओढलं.

"आते नीज," त्या म्हणाल्या. "कशी बी नीज."